पाच वह्यांचे एक पुस्तक



दिवाळीची सुटी संपत आली, की ठाणे, डोंबिवली, कल्याण या बाजूच्या दहावीच्या मुलांमध्ये एक बेत हमखास शिजतो. "धडे दहा आहेत, आपण पाच जण आहोत. प्रत्येकानं दोन-दोन धड्यांचं टिपण काढायचं आणि मग सगळ्यांनी सगळ्यांचं उतरून घ्यायचं." बेत चाळीच्या गॅलरीत ठरतो, शिकवणीच्या दाराशी ठरतो, नाहीतर वासिंद-आसनगावहून येणाऱ्या गाडीत ठरतो. मुरबाड-शहापूरकडच्या वसतिगृहांतली मुलेही हेच करतात. घर दोन खोल्यांचे, वेळ थोडा आणि वाचायचे फार, अशा वेळी कामाची वाटणी सुचावी हे स्वाभाविकच आहे.

बेत वाईट नाही. परंतु महिन्याभराने पाच वह्या एकत्र आल्या म्हणजे काय दिसते? एकाने धडा जवळजवळ जसाच्या तसा उतरलेला असतो, दुसऱ्याने दहा ओळींत उरकलेला असतो. एकजण 'अपवर्तन' लिहितो, तर दुसरा थोरल्या भावाच्या जुन्या मार्गदर्शकातून 'वक्रीभवन' उचलतो. वाचणाऱ्याला वाटते, या दोन निराळ्या गोष्टी असाव्यात. पाच वह्या जमल्या, पण त्यांचे पुस्तक काही झाले नाही. ते कसे व्हावे, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे. बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच पुस्तक समोर ठेवू. बालभारतीचे, २०१८ साली आलेले, इयत्ता दहावीचे 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १'. यात दहा धडे आहेत. आणि आपले मित्र आहेत पाच.

पहिला प्रश्न वाटणीचा. मुले काय करतात, की अनुक्रमणिका उघडतात आणि पहिले दोन तुझे, पुढचे दोन माझे, अशी पाने कापतात. ही वाटणी दिसायला न्यायाची, पण कामाला वाईट. कारण धड्यांमध्ये नाती असतात, आणि ती नाती अनुक्रमाने चालत नाहीत. पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा आणि दहावा अवकाश मोहिमांचा. मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटण्यासाठी लागणारा कमीत कमी वेग, हा या दोन्ही धड्यांचा विषय. आता हे दोन धडे दोन वेगळ्या मुलांकडे गेले तर काय होते ते बघा.

पहिला मुलगा गुरुत्वत्वरण g ९.८ आणि पृथ्वीची त्रिज्या R ६४०० किलोमीटर धरून, 2gR चे वर्गमूळ काढतो. त्याचे उत्तर येते सेकंदाला ११.२ किलोमीटर. दुसरा मुलगा G, पृथ्वीचे वस्तुमान M आणि R घेऊन 2GM/R चे वर्गमूळ काढतो. त्याचे उत्तर येते ११.१८. तिसऱ्या कुणी घाईने g १० धरला असेल, तर त्याचे येते ११.३. एकाच वहीत, एकाच गोष्टीची तीन उत्तरे! परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्या मुलाला यातले खरे कोणते, हे कसे कळावे?

खरे सांगायचे तर पहिल्या दोघांत भांडण नाहीच. g हा स्वतः G, M आणि R यांवरूनच येतो. म्हणून दोन्ही सूत्रे एकच आहेत. आकडे घेताना केलेल्या काटछाटीमुळे दुसऱ्या दशांश स्थळी फरक दिसतो, इतकेच. तिसऱ्याने मात्र हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडाच बदलला आहे, आणि ती सवलत उदाहरणात दिलेली नसेल तर घेता येत नाही. हा उलगडा कोण करू शकेल? ज्याने दोन्ही धडे वाचले आहेत तोच. म्हणून पहिला नियम असा, की वाटणी नात्याने करावी, अनुक्रमाने नव्हे.

या पुस्तकात तशा पाच जोड्या चांगल्या जमतात. गुरुत्वाकर्षण आणि अवकाश मोहिमा ही एक. मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण आणि कार्बनी संयुगे ही दुसरी. कारण कार्बनला चार हात का, याचे उत्तर आवर्तसारणीतल्या त्याच्या जागेत आहे. रासायनिक अभिक्रिया आणि धातुविज्ञान ही तिसरी. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला, की त्यावर तांबूस थर चढतो. हाच प्रयोग एका धड्यात विस्थापन अभिक्रिया म्हणून शोभतो, आणि दुसऱ्यात लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याचा पुरावा म्हणून. विद्युतधारेचे परिणाम आणि उष्णता ही चौथी जोडी. तिथे ज्यूल आणि कॅलरी यांचा व्यवहार एकाच हाताने झालेला बरा. आणि प्रकाशाचे अपवर्तन व भिंगे ही पाचवी.

कुणी म्हणेल, या जोड्या सारख्या वजनाच्या नाहीत. नाहीतच. चौथ्या आणि पाचव्या जोडीत गणिते जास्त. ज्याच्याकडे त्या आल्या त्याच्यावरचे शेवटचे सुवाच्य लिहिण्याचे काम कमी करावे आणि हलकी जोडी मिळालेल्याने ते उचलावे. वाटणी कामाची करायची आहे, धड्यांच्या आकड्यांची नाही.

आता दुसरी गोष्ट. कुणीही लेखणी उचलण्यापूर्वी पाचही जणांनी एकदा तासभर बसावे आणि एक पान लिहावे. त्याला आपण 'ठरावाचे पान' म्हणू. या पानाचे महत्त्व मोठ्या कामांतून शिकावे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले. त्याचे लेखक अनेक, विषय अनेक. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पण त्याच्याही आधी परिभाषेचा, म्हणजे कोणत्या शास्त्रीय कल्पनेला मराठीत कोणता शब्द वापरायचा याचा, एक स्वतंत्र खंड छापून काढला होता. आधी शब्द ठरले, मग लेख आले. एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या लेखाशी जुळायला हवे, तर दुसरा मार्ग नाही. पाच मुलांना खंड नको, एक पान पुरे.

त्या पानावर तीन गोष्टी असाव्यात. एक, शब्द. नियम सोपा ठेवावा. या वर्षीच्या पाठ्यपुस्तकात जो शब्द आहे तोच लिहायचा. पुस्तक अपवर्तन म्हणते, तर वहीतही अपवर्तनच, वक्रीभवन नाही. आपल्या शहरांत अनेक मराठी शाळांत विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. मित्रांत तसे कुणी असेल, तर त्या शब्दाशेजारी एकदाच त्याचा इंग्रजी पर्याय लिहावा, पण पुढे सगळीकडे ठरलेला एकच शब्द. दोन, आकडे. g किती धरायचा, R किती, उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहायचे, मीटर की किलोमीटर, हे आधीच ठरवावे.

आणि तिसरी, सर्वांत फसवी गोष्ट, चिन्हे. v हे एकच अक्षर घ्या. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात v म्हणजे वस्तूचा अंतिम वेग. अपवर्तनाच्या धड्यात v म्हणजे माध्यमातला प्रकाशाचा वेग. पान उलटून भिंगांच्या धड्यात गेलो, की v म्हणजे भिंगापासून प्रतिमेचे अंतर. आणि विजेच्या धड्यात मोठ्या लिपीतले V म्हणजे विभवांतर. तसेच u चे. एकीकडे सुरुवातीचा वेग, दुसरीकडे वस्तूचे अंतर. ज्या त्या धड्यात हे बरोबरच आहे, ते बदलायचे नाही. बदलले तर पुस्तकाशी फारकत होईल. उपाय एवढाच, की प्रत्येक धड्याच्या टिपणाच्या माथ्यावर 'या धड्यात v म्हणजे अमुक, u म्हणजे तमुक' अशी दोन ओळींची चौकट काढायची. पाच जणांनी आपापल्या चौकटी काढल्या आणि त्या शेजारी-शेजारी ठेवल्या, की गोंधळ कुठे होणार ते आधीच दिसते.

ठरावाचे पान झाले, की प्रत्येकाने आपले टिपण लिहावे. त्याचा साचा सगळ्यांचा सारखा असावा. सुरुवातीला चिन्हांची चौकट, मग व्याख्या, मग सूत्रे व नियम, मग आकृती, मग एक सोडवलेले उदाहरण, आणि शेवटी 'मला न कळलेले'. धड्याला फुलस्केपच्या तीन पानांपेक्षा जास्त जागा घेऊ नये. व्याख्या आणि नियम पुस्तकातल्या शब्दांतच उतरावेत, बाकीचे आपल्या शब्दांत. आणि एक सवय अवश्य लावावी. समासात पुस्तकाचा पानक्रमांक टाकावा. व्याख्या पान अमुक, आकृती पान तमुक. हा क्रमांक म्हणजे पावती आहे. पुढे शंका निघाली, की वाद न घालता पान उघडता येते. ज्या वाक्यापुढे क्रमांक नाही, ते वाक्य लिहिणाऱ्याने स्वतःचे घातले, किंवा दुसऱ्या कुठून आणले, हे आपोआप कळते.

'मला न कळलेले' हा भाग मुले गाळतात, कारण त्यात कमीपणा वाटतो. शिक्षकांनी तिथेच लक्ष घालावे. ज्या टिपणात हा भाग रिकामा असतो, त्यातला एखादा परिच्छेद न समजता उतरलेला असण्याचा संभव जास्त.

आता जोडणीकडे येऊ. इथे बहुतेकांची समजूत अशी, की पाच टिपणे एकामागून एक लावली, वर पुठ्ठा चढवला, की काम झाले. खरे काम तर इथे सुरू होते. टिपण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. त्याच्या मनात जे आहे तेच त्याला कागदावर दिसते. म्हणून प्रत्येकाने आपले टिपण शेजाऱ्याला द्यावे, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि पाचव्याने पहिल्याला. वाचणाऱ्याने पाठ्यपुस्तक उघडे ठेवून वाचावे आणि सोडवलेले उदाहरण वही झाकून स्वतः करून पाहावे. उत्तर जुळले तर बरोबरची खूण. नाही जुळले, तर दोघांनी बसावे.

एक उदाहरण सबंध करून पाहू. भिंगांच्या धड्याचे टिपण आले आहे. उदाहरण असे. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटीमीटर, वस्तू भिंगापासून ३० सेंटीमीटरवर. प्रतिमा कुठे पडेल? लिहिणाऱ्याने सूत्र बरोबर लिहिले आहे,

1/v − 1/u = 1/f

पुढे त्याने u च्या जागी ३० घातले. मग १/v बरोबर १/२० अधिक १/३०, म्हणजे ५/६०, आणि v बरोबर १२ सेंटीमीटर. सगळी बेरीज बिनचूक. वाचणाऱ्या मित्राने मात्र स्वतः सोडवले, आणि त्याचे उत्तर आले ६०. आता खरे कोणाचे?

इथे मोठ्या आवाजाचा जिंकतो, असे होऊ नये. तपासायचे दोन मार्ग आहेत. पहिला, पुस्तकातला चिन्हसंकेत. अंतरे भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून मोजायची. वस्तू डावीकडे ठेवतो, म्हणून तिचे अंतर ऋण. तेव्हा u म्हणजे उणे ३०. ते घातले, की १/v होते १/२० वजा १/३०, म्हणजे १/६०, आणि v ६० सेंटीमीटर. दुसरा मार्ग त्याहून चांगला, कारण त्याला सूत्रच लागत नाही. आकृती काढा. वस्तू नाभी आणि नाभीच्या दुप्पट अंतराच्या मध्ये आहे, २० आणि ४० यांच्या मध्ये ३०. अशा वेळी प्रतिमा पलीकडे, दुप्पट अंतराच्याही पुढे पडते. म्हणजे उत्तर ४० पेक्षा मोठे हवे. ६० बसते, १२ बसत नाही. किंबहुना नाभीच्या बाहेर ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा नाभीच्या आत, १२ सेंटीमीटरवर, कधी पडूच शकत नाही.

आता हे चुकलेले टिपण तसेच पाच वह्यांत उतरले असते तर? एकाची चूक पाचांची झाली असती. एकट्याने अभ्यास करताना चूक एकाच घरात राहते, वाटून अभ्यास केला, की ती घरोघर जाते. या पद्धतीचा मोठा धोका तो हाच. म्हणून तपासल्याशिवाय कोणतेही टिपण उतरवू नये, हा नियम कडक पाळावा.

वाद मिटवण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी पाठ्यपुस्तक. पुस्तकात उत्तर नाही किंवा दोन जागी दोन तऱ्हा दिसतात, तर शिक्षक. जो निर्णय होईल तो ठरावाच्या पानावर तारीख घालून लिहावा, म्हणजे तोच वाद पुन्हा निघत नाही. मुक्तिवेगाबद्दल तिथे एक ओळ पुरते, "११.२ लिहावे, ११.१८ हे तेच, फक्त काटछाट कमी केलेले."

हल्ली मुले पानांचे फोटो मोबाइलवरून एकमेकांना पाठवतात. सोयीचे आहे, पण त्यात एक घोळ होतो. पाचजण पाच फोटोंवर पाच दुरुस्त्या करतात, आणि शेवटचे बरोबर पान कोणाकडे, हेच कुणाला सांगता येत नाही. तेव्हा मूळ वही एकच असावी, एका ठिकाणी असावी, आणि दुरुस्ती फक्त तिच्यात व्हावी. फोटो काढायचा तो त्या वहीचा, आणि पानाच्या कोपऱ्यात दुरुस्तीची तारीख घालून. तारीख जुनी दिसली, की तो फोटो टाकून द्यायचा. बसायला जागा कुठली, हा प्रश्न लहान घरांत खरा आहे. पण कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. वाचणाऱ्यांनी एकत्र यावे ही या गावांची जुनीच रीत आहे. खेड्यात शाळेचा वर्ग संध्याकाळी तासभर उघडा ठेवला, तरी भागते.

शिक्षकबंधुभगिनींनो, चाळीस मुलांच्या वर्गात हेच करायचे, तर एक युक्ती सांगतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली एलिअट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी शाळांत ती वापरली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी फटकून वागत होती. धड्याचे तुकडे गटातल्या मुलांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते, ही मूळ कल्पना. पण आपल्या कामाचा भाग पुढचा आहे. आपल्या गटात शिकवण्याआधी, निरनिराळ्या गटांतली एकच तुकडा मिळालेली मुले एकत्र बसतात आणि त्या तुकड्याची आपसांत शहानिशा करतात. तुमच्या वर्गात पाच-पाचांचे आठ गट झाले, तर भिंगांचा धडा असलेली आठ मुले आधी एकत्र बसवा. उणे चिन्ह विसरणारा एखादा असेलच, पण आठही विसरणार नाहीत. तुमचा फळ्यावरचा वेळ वाचेल, आणि चूक गटात जाण्याआधीच अडेल.

शेवटी या पद्धतीची मर्यादा सांगितली पाहिजे. वही तयार झाली म्हणजे अभ्यास झाला असे नव्हे. ज्याने धडा वाचून, गाळून, तीन पानांत बसवला, त्याला तो धडा आला. बाकीच्या चौघांच्या हाती फक्त ती तीन पाने आली. मूळ धडा न वाचता टिपण पाठ करणारा मुलगा पुस्तकातल्या प्रश्नाचे उत्तर देईल, पण प्रश्न जरा वळवून विचारला, की अडेल. म्हणून दोन गोष्टी कुणीही वाटून घेऊ नयेत, आकृत्या आणि गणिते. त्या ज्याच्या त्याने स्वतःच्या हाताने केल्या पाहिजेत. आणि टिपण वाचण्यापूर्वी मूळ धडा एकदा तरी प्रत्येकाने वाचलाच पाहिजे.

मग हे साधले की नाही, ते ओळखावे कसे? जोडणी झाल्यावर आठवड्याने पाचही जणांनी बसावे आणि चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याच्या नावे जो धडा निघेल, तो त्याने वही मिटून दहा मिनिटे समजावून सांगायचा. अट एकच, तो त्याने स्वतः लिहिलेला नसावा. जिथे सांगणारा अडला, ती जागा मूळ वहीत लाल शाईने खुणावायची. ज्या जागी दोघे-तिघे अडले, तिथे दोष बहुधा त्यांचा नसतो, टिपणाचा असतो. ते पान पुन्हा लिहावे.

वेळेचे म्हणाल, तर ठरावाच्या पानाला एक संध्याकाळ, टिपणांना दोन आठवडे, अदलाबदल आणि तपासणीला एक आठवडा, जोडणीला दोन बैठका आणि शेवटी ही चिठ्ठ्यांची बैठक. दिवाळीच्या सुटीनंतर लगेच हाती घेतले, तर नाताळपर्यंत काम हातावेगळे होते, आणि प्रात्यक्षिकांच्या आधी वही वापरायला मिळते. ही वही पुढच्या वर्षी धाकट्या भावंडांना देणार असाल, तर पहिल्या पानावर पाठ्यपुस्तकाचे वर्ष ठळक लिहून ठेवा. पुस्तक बदलले, की धडे बदलतात, कधी शब्दही बदलतात, आणि ठरावाचे पान पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागते.